वस्तुमान दिलंच नाही! अनोळखी गणिताला हात घालायचा कसा?

*(शाळेच्या फिजिक्स क्लबच्या प्रमुखानं दहावीच्या वर्गासमोर केलेलं भाषण. फळ्यावर मांडलेली आकडेमोड जागच्या जागी दिली आहे.)*

सर, बाई आणि मित्रमैत्रिणींनो,

फळ्यावर एक गणित लिहिलंय. वही-पेन काढा, पण लगेच सोडवायला घेऊ नका. आधी नुसतं वाचा.

जोग धबधब्याचं पाणी सुमारे 253 मीटर उंचीवरून खाली पडतं. पडताना मिळालेली सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपात पाण्यातच राहिली असं मानल्यास, खाली पोहोचल्यावर पाण्याचं तापमान किती वाढेल? (g = 9.8 m/s², पाण्याची विशिष्ट उष्माधारकता 1 kcal/kg °C, 1 cal = 4.18 J)

आता परीक्षेत हे गणित आलं तर आपल्यापैकी बरेच जण काय करतील, ते सांगतो. उष्णतेच्या धड्यातलं सूत्र आठवतील, Q = mcΔT. मग दिलेल्या माहितीत Q शोधतील. नाही. m शोधतील. तेही नाही. उलट 253 मीटर असा एक आकडा दिलाय, जो या सूत्रात कुठेच बसत नाही. मग ‘हे सिलॅबसबाहेरचं दिसतंय’ किंवा ‘पेपरात छपाईची चूक आहे’ असं म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतील.

खरं म्हणजे यात सिलॅबसबाहेरचं काहीच नाही. यातली निम्मी गोष्ट नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यात आहे आणि निम्मी दहावीच्या ‘उष्णता’ या धड्यात. दोन्ही धडे आपण केलेत, पण त्यांना एकत्र बसवणारं गणित कुणी आपल्यासमोर ठेवलेलं नाही. त्यामुळे ते अनोळखी वाटतं. आपली नेहमीची पद्धत म्हणजे दिलेले आकडे मोजायचे आणि त्यात बसणारं सूत्र शोधायचं. ओळखीच्या गणितात ती चालते. इथे ती पहिल्याच ओळीत अडते, आणि ती अडली की गणितच अशक्य आहे असं आपण समजून बसतो.

आज हे एकच गणित आपण शेवटपर्यंत करणार आहोत. क्लबमध्ये आम्ही अशा गणितांसाठी जो क्रम वापरतो तो यात आपोआप येईल.

आधी आकडे झाका

प्रश्न दुसऱ्यांदा वाचा, पण या वेळी आकड्यांवर बोट ठेवून. जे घडतंय ते साध्या मराठीत वहीत लिहा. सूत्र नको, चिन्ह नको. मी असं लिहीन:

पाणी वर आहे. ते खाली पडतं, पडताना त्याचा वेग वाढतो. खाली आपटल्यावर तो वेग जातो. पाणी किंचित गरम होतं.

चार ओळी. शेजारी एक उभी रेघ काढा. वरच्या टोकाला ‘सुरुवात’, खालच्या टोकाला ‘आपटण्याआधी’ आणि त्याच्याच बाजूला ‘आपटल्यावर’ असं लिहा. म्हणजे तीन क्षण झाले. आता प्रत्येक क्षणी ऊर्जा कुठे आहे ते त्याच्यासमोर लिहा: वर असताना स्थितिज ऊर्जा, आपटण्याआधी गतिज ऊर्जा, आपटल्यावर उष्णता. सूत्र आठवायच्या आत गणिताचा सांगाडा तयार झाला.

इथे काही जण विचारतील, मग मधली गतिज ऊर्जा काढायची का? ½mv² वापरायचं का? काढली तरी चालेल, उत्तर तेच येईल. पण प्रश्न फक्त सुरुवात आणि शेवट विचारतोय, आणि ऊर्जा मध्ये कुठे गळत नाही असं प्रश्नातच सांगितलंय. त्यामुळे मधला टप्पा आपण ओलांडून जाऊ शकतो. हे तीन क्षण लिहून काढल्याशिवाय मात्र लक्षात येत नाही.

उत्तराचा अंदाज समासात लिहा

आता काय विचारलंय? तापमानातली वाढ, ΔT, अंश सेल्सिअसमध्ये. गणित करण्याआधी समासात एक आकडा लिहा. पन्नास अंश? पाच? अर्धा?

हे कशासाठी, ते पुढे कळेल. आत्ता एवढंच आठवा, की पावसाळी सहलीत धबधब्याखाली उभं राहिल्यावर दात वाजतात. पाणी कोमट लागलं असं कुणी आजवर म्हटलेलं नाही. म्हणजे पन्नास हे उत्तर नक्कीच नसणार. अंदाज चुकला तरी काही बिघडत नाही, पण तो कागदावर हवा. मनातला अंदाज उत्तर आल्यावर हळूच बदलतो. कागदावरचा बदलत नाही.

जे दिलं नाही त्याला नाव द्या

सगळ्यात जास्त मुलं इथेच गणित सोडतात, म्हणून इथे जरा थांबू.

स्थितिज ऊर्जा mgh. उष्णता mcΔT. दोन्हीत m आहे आणि m दिलेलं नाही. धबधब्यातून किती पाणी पडतं ते कसं कळणार? वर उन्हाळ्यात वेगळं, पावसाळ्यात वेगळं.

कळायची गरजच नाही. m दिलं नसेल तर m असंच लिहा आणि पुढे चला:

mgh = mcΔT

दोन्ही बाजूंना m आहे. भागून टाका.

ΔT = gh / c

वस्तुमान निघून गेलं. ते दिलं नव्हतं कारण ते लागतच नव्हतं.

पण नुसतं ‘m कटला’ म्हणून पुढे जाऊ नका. तो का कटला हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. पाणी दुप्पट असेल तर पडताना ऊर्जाही दुप्पट मिळते, पण तापवायचं पाणीही दुप्पट असतं. वाटा तेवढाच राहतो. म्हणून पावसाळ्यातला तुडुंब जोग आणि उन्हाळ्यातली बारीक धार, दोघांचं उत्तर एकच.

अक्षरांची ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती कमी दर्जाची अजिबात नाही. सरळ 1 किलो पाणी घ्या. 253 मीटर खाली येताना त्याला मिळणारी ऊर्जा:

1 × 9.8 × 253 = 2479.4 J

आणि 1 किलो पाणी 1 अंशानं तापवायला किती ऊर्जा लागते? 1 किलोकॅलरी, म्हणजे 4180 J. आता बघा. मिळाले सुमारे 2479 ज्यूल आणि एका अंशाला लागतात 4180. म्हणजे भागाकार न करताही कळलं, की वाढ एका अंशापेक्षा कमी आहे आणि अर्ध्यापेक्षा थोडी जास्त. आता भागा:

2479.4 ÷ 4180 = 0.593

सुमारे 0.59 °C. शंका असेल तर 5 किलो घेऊन करून बघा. 12397 भागिले 20900. तेच येतं. दोन वेगळ्या वस्तुमानांना एकच उत्तर आलं की m लागत नाही हे तुम्ही स्वतः पडताळलं.

आता एक प्रश्न येईलच: दर वेळी अक्षर असं कटतं का? नाही. पण कटलं नाही तरी तुम्ही पुढे गेलेले असता, कारण नेमकं काय कमी पडतंय हे आता समीकरणात दिसतं. मग परत प्रश्न वाचायचा, या वेळी फक्त त्या एका राशीसाठी. पुष्कळदा ती आडवाटेनं दिलेली असते. घनता आणि आकारमान दिलं असेल तर वस्तुमान मिळालंच. विजेच्या गणितात रोध दिला नसेल, पण बल्बवर लिहिलेले वॅट आणि व्होल्ट दिले असतील, तर रोध त्यातून निघतो. ‘माहिती कमी आहे’ असं आधीच ठरवून बसलं की हे शोधायला कुणी जातच नाही.

एककांनी फसवलं तर ओळखायचं कसं

क्लबमध्ये हे गणित दिलं तेव्हा वह्यांमध्ये तीन उत्तरं दिसली: 0.59, 593 आणि 2479. तिघांचं सूत्र बरोबर होतं, सगळ्यांनी gh/c च लिहिलं होतं.

2479 आलं त्यांनी c = 1 घातलं. पुस्तकात पाण्याची विशिष्ट उष्माधारकता 1 अशी पाठ असते, आणि ती खरीच आहे, पण किलोमागे किलोकॅलरीत. gh मात्र ज्यूलमध्ये निघतं. वर ज्यूल आणि खाली किलोकॅलरी असा भागाकार झाला.

593 आलं त्यांनी कॅलरीचे ज्यूल केले, 4.18 घेतलं, पण ते एका ग्रॅमसाठी होतं. gh हे एका किलोमागे असतं. वर किलो आणि खाली ग्रॅम झाले, म्हणून उत्तर हजार पटीनं मोठं आलं.

आता समासातला अंदाज कामाला येतो. 593 अंशांनी तापलेलं पाणी जोगच्या खाली पाणी म्हणून राहीलच कसं? सगळी वाफ व्हायला हवी. 2479 तर लोखंड वितळण्याच्याही पुढची गोष्ट. उत्तरसूची नसतानाही चूक पकडता येते ती अशी. आणि उत्तर बरोबर हजार, शंभर किंवा 4.18 पटीनं बिघडलेलं दिसलं तर सगळं गणित पुन्हा करत बसू नका, सरळ एककांच्या ओळीवर जा.

यावर साधा उपाय म्हणजे c ची किंमत सूत्रात घालण्याआधी वेगळ्या ओळीत बदलून घेणं:

c = 1 kcal/kg °C = 1000 × 4.18 J/kg °C = 4180 J/kg °C

ही ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. पेपर तपासणाऱ्यालाही ती दिसते.

उत्तर खरं आहे का, हे तपासायचं

पहिली तपासणी सूत्राचीच. ΔT = gh/c मध्ये उंची शून्य केली तर वाढ शून्य होते. बरोबर, पडलंच नाही तर तापणार कसं? उंची वाढवली की वाढ वाढते, हेही पटतं. c मोठी असेल, म्हणजे पदार्थ तापायला जड असेल, तर वाढ कमी. तेही पटतं. उलटं दिसलं असतं, म्हणजे c वर आणि h खाली असता, तर आकडे घालण्याआधीच चूक सापडली असती.

दुसरी तपासणी मला फार आवडते, कारण त्यासाठी 1845 सालात जावं लागतं. ज्याच्या नावावरून आपण ज्यूल हे एकक वापरतो त्या जेम्स प्रेस्कॉट जूलनं त्या वर्षी लिहिलं होतं, की आपले विचार बरोबर असतील तर नायगारा नदीचं पाणी 160 फूट पडल्यामुळे सुमारे एक पंचमांश अंशानं तापेल. बघू या आपलं सूत्र त्याच्याशी जुळतं का. 160 फूट म्हणजे सुमारे 48.8 मीटर.

9.8 × 48.8 ÷ 4180 = 0.114 °C

एक पंचमांश म्हणजे 0.2, आणि आपलं आलं 0.11. जुळलं नाही? थांबा. जूल इंग्लंडचा होता आणि त्याचे अंश फॅरनहाइटचे. तापमानातली वाढ सेल्सिअसमधून फॅरनहाइटमध्ये न्यायला 1.8 नं गुणायचं. इथे 32 मिळवायचे नाहीत, कारण आपण तापमान बदलत नाही, तापमानातला फरक बदलतोय. 0.114 × 1.8 = 0.205. एक पंचमांश! एकशेऐंशी वर्षांपूर्वी जूलनं केलेलं गणित आत्ता या फळ्यावर पुन्हा झालं, आणि साहित्य काय, तर नववी-दहावीची दोन सूत्रं.

1847 मध्ये लग्नानंतर आल्प्समध्ये गेलेला जूल तिथल्या धबधब्याचं वरचं आणि खालचं तापमान मोजायला लांबलचक थर्मामीटर घेऊन निघाला होता, अशी आठवण विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननं, सांगितली आहे. मोजमाप काही जमलं नाही. पाणी खाली येईपर्यंत त्याचे तुषारच झाले होते. (त्याच्या बायकोचं यावर काय म्हणणं होतं, ते इतिहासात नाही.)

‘असं मानल्यास’ या शब्दांखाली रेघ मारा

जूलला का जमलं नाही याचं उत्तर आपल्या प्रश्नातच आहे. ‘सगळी ऊर्जा पाण्यातच राहिली असं मानल्यास’. अनोळखी गणितातलं असं वाक्य आपण ओलांडून जातो, पण गणित सोडवायची परवानगी तेच देत असतं. ते नसतं तर हवा, वारा, बाष्पीभवन सगळं धरावं लागलं असतं.

ते न मानता किती फरक पडेल? हेही आपल्याला काढता येतं. 1 किलो पाणी 0.593 अंशांनी तापलं म्हणजे त्यात 593 कॅलरी उष्णता आली. बाष्पनाचा अप्रकट उष्मा पुस्तकात 540 कॅलरी दर ग्रॅम आहे. साध्या तापमानाला तो थोडा जास्त असतो, पण अंदाजाला हा चालेल.

593 ÷ 540 ≈ 1.1 ग्रॅम

म्हणजे पडताना एका किलोतलं जेमतेम एक ग्रॅम पाणी हवेत उडून गेलं तरी 253 मीटरची सगळी कमाई संपली. तुषारांनी भरलेल्या धबधब्यात एवढं सहज उडू शकतं. पाणी खाली थंडच का लागतं, याचं निदान एक कारण इथे मिळालं. आणि बघा, हे दुसरं गणित कुणी विचारलं नव्हतं. पहिलं पूर्ण केलं म्हणून ते सुचलं.

सुटलंच नाही तर?

तेही होणारच. मग काय करायचं, ते वेळेच्या हिशेबानं सांगतो. आपला विज्ञान भाग 1 चा पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. तीन गुणांच्या गणिताला नऊ. त्यातली पहिली तीन मिनिटं रेघ, तीन क्षण, काय दिलं, काय विचारलं आणि एखादं समीकरण एवढ्याला द्या. तीन मिनिटांनी एकही समीकरण उभं राहिलं नाही, तर जागा सोडून पुढे जा आणि शेवटी परत या. समीकरण उभं राहिलं असेल तर थांबू नका. आकडेमोड अडली तरी सूत्र आणि त्यात घातलेल्या किमती कागदावर असतात, आणि बोर्डाच्या तपासणीत पायऱ्यांना गुण मिळतात. कोऱ्या जागेला काय देणार?

पुढच्या परीक्षांचा नियम वेगळा आहे, हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो. नीट आणि जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीच्या पर्यायाला 1 गुण वजा. एमएचटी-सीईटीत वजा गुण नाहीत. म्हणून नीटच्या पेपरात कच्च्या कागदावर गणिताला हात जरूर घाला, पण पर्यायावर खूण तेव्हाच करा, जेव्हा निदान दोन पर्याय कारण देऊन बाद करता येतील. आपल्या गणितात 593 आणि 2479 हे पर्याय दिले असते, तर ते पहिल्याच नजरेत बाद झाले असते.

शनिवारी काय करायचंय

क्लबमध्ये आपण हेच गणित हातानं करणार आहोत, पण पाण्यानं नाही. एक मीटर लांबीची बंद नळी घ्यायची, आत शिशाचे छर्रे. नळी उभी धरून एकदम उलटी करायची, की छर्रे वरून खाली पडतात. असं पन्नास वेळा. छर्रे दर वेळी साधारण एक मीटर पडतात असं धरू. शिशाची विशिष्ट उष्माधारकता सुमारे 130 J/kg °C.

50 × 9.8 × 1 ÷ 130 ≈ 3.8 °C

याच नळीत छर्ऱ्यांऐवजी थोडं पाणी घेतलं असतं तर 490 ÷ 4180, म्हणजे 0.12 अंश. आपल्या प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरवर ते दिसणारच नाही. शिसं घ्यायचं ते म्हणूनच.

प्रत्यक्षात 3.8 पेक्षा कमी येईल. का, ते तुम्ही आधी लिहून आणा. निदान दोन कारणं हवीत. एक सुचवून ठेवतो: नळीच्या तळाशी छर्ऱ्यांचा ढीग दहा सेंटिमीटर उंच असेल, तर छर्रे खरोखर किती पडतात? त्यावरून 3.8 चा आकडा दुरुस्त करून आणा.

नळी टोकांना धरू नका, मधोमध धरा, नाहीतर आपल्या हातांची उष्णताच मोजली जाईल. छर्रे सर स्वतः भरतील. शिसं विषारी असतं, म्हणून नंतर सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे आणि तोवर डब्याला हात लावायचा नाही. आणि छर्रे किती ग्रॅम घ्यायचे, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच: थर्मामीटरचा फुगा त्यात पूर्ण बुडेल इतके.